समितीतली कामं: काही टिपणं

सीएंच्या धंद्यात एक अडचण पहिल्या दिवसापासून असते. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात सहावं कलम आहे. परिपत्रक, जाहिरात, प्रत्यक्ष भेट, यांपैकी कशानेही काम मागायचं नाही. बोर्ड लावता येतो, वेबसाइटही ठराविक चौकटीत चालते, पण दारोदार जाऊन 'मला ऑडिट द्या' म्हणणं हा गैरवर्तनाचा प्रकार ठरतो.

त्याच कलमाच्या परंतुकाकडे मात्र नवीन सीएंचं लक्ष जात नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या दुसऱ्या सीएकडे काम मागायला मनाई नाही. म्हणजे गिऱ्हाइकाकडे जायचं नाही, पण आपल्याच व्यवसायातल्या माणसाकडे खुशाल जावं. आणि मोठ्या सीएंकडे वाटण्याजोगं काम असतं. टॅक्स ऑडिटला इन्स्टिट्यूटने प्रत्येक सभासदासाठी ६० ची मर्यादा घातलेली आहे. शिवाय लांबच्या शाखेचं स्टॉक ऑडिट असतं, बँकेचं कन्करंट ऑडिट असतं, आणि ज्या बाबतीत आपला हितसंबंध आड येतो ती कामंही असतात.

प्रश्न एवढाच उरतो की ज्या माणसाने तुमचं काम कधी पाहिलेलं नाही तो तुम्हाला काम कशाच्या भरवशावर देईल. सेमिनारच्या जेवणात कार्ड देऊन हे होत नाही. सप्टेंबरात त्याच्या खिशात तशी पन्नास कार्डं असतात.

*

संस्था दोन तऱ्हेच्या आहेत आणि नवखी मंडळी त्यांत गल्लत करतात. एक इन्स्टिट्यूटची शाखा. तिथली व्यवस्थापकीय समिती निवडून येते. प्रचार असतो, पॅनल असतं, नंतर वर्षानुवर्षं टिकणारी नाराजीही असते. दुसऱ्या स्वयंसेवी संस्था. मुंबईत चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स १९२६ पासून आहे, बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी १९४९ पासून. अशा संस्थांमध्ये प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर, आंतरराष्ट्रीय कर, अकाउंटिंग, नियतकालिक अशा विषयवार समित्या असतात. त्यांत यायला निवडणूक लढवावी लागत नाही. संयोजकाला 'मला या समितीत काम करायचं आहे' असं पत्र पाठवायचं आणि बोलावलं की वेळेवर हजर राहायचं.

पत्रात काय लिहावं हे मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. 'संधी मिळाल्यास आभारी राहीन' असल्या वाक्यांनी काही होत नाही. 'कलमवार निवेदनाचा मसुदा करू शकतो, महिन्यातून दोन शनिवार देता येतील, सप्टेंबरात जमणार नाही' एवढं लिहिलं की संयोजक त्याच आठवड्यात फोन करतो. समित्यांमध्ये सूचना करणारे पुष्कळ असतात. लिहायला बसणारा एक मिळाला तरी संयोजकाचा दिवस चांगला जातो.

*

समितीतल्या कामांचे माझ्या मते दोनच वर्ग. एकात तुमच्या आणि ज्येष्ठाच्या मध्ये कागद असतो, दुसऱ्यात नसतो.

पुष्पगुच्छ आणणं, नोंदणीच्या टेबलावर बसणं, वक्त्याचा परिचय वाचणं, ही दुसऱ्या वर्गातली कामं. ती कोणीतरी करायलाच हवीत आणि नवीन माणसाने एकदोनदा करावीतही. पण तेवढंच तीन वर्षं करणाऱ्याला सगळे ओळखतात ते 'तो हॉलचं बघतो' म्हणून. हॉल बघणाऱ्याकडे अपिलाचं काम कोण देणार?

याला एक अपवाद. वक्त्याला स्टेशनवरून हॉलपर्यंत आणणं. गाडीत पाऊण तास. नाहीतरी हे काम टाळायला लोक टपलेलेच असतात, ते मागून घ्यावं. फक्त वक्त्याने ज्या निवाड्यावर बोलायचं आहे तो आदल्या रात्री वाचलेला असावा.

*

आता एक प्रकरण सविस्तर.

आमच्या ऑफिसात आर्टिकलशिप केलेला एक मुलगा डोंबिवलीत प्रॅक्टिस करतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो एका प्रत्यक्ष कर समितीत नव्याने गेला. लोकसभेच्या निवडणुकीमुळे पूर्ण अर्थसंकल्प जुलैत येणार होता आणि अर्थमंत्रालयाला पाठवायच्या सूचनांचा मसुदा समितीत चालू होता. कलमं वाटली गेली. याच्या वाट्याला आलं ४३बी चं क्लॉज (एच).

त्या वेळी या क्लॉजने धंदेवाल्यांची झोप उडवली होती. २०२३ च्या वित्त कायद्याने ते आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून, लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ मधल्या मुदतीत चुकतं करायचं. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, करार असेल तर त्यात ठरलेले, पण ४५ च्या वर नाही. मुदत टळली तर तो खर्च ज्या वर्षी पैसे खरोखर दिले त्या वर्षी वजा मिळतो, आधी नाही. ४३बी मधल्या इतर देण्यांना रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत सवड आहे. या क्लॉजला ती मुद्दाम नाकारलेली आहे.

मुलाने पहिला मसुदा दीड पानाचा केला. व्यापार ठप्प होईल, लघुउद्योगांचंच नुकसान होईल, मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील, सबब हे क्लॉज रद्द करावं. व्हॉट्सॲपवर त्या दिवसांत जे फिरत होतं तेच, जरा बऱ्या भाषेत.

समितीत एक ज्येष्ठ भाई आहेत. मुंबईच्या करव्यवसायात निम्मे ज्येष्ठ भाईच असतात, मराठी असले तरी. त्यांनी मसुदा वाचला आणि समासात पेन्सिलने तीनच गोष्टी लिहिल्या. किती रक्कम? कोणाची? कोणता शब्द बदलायचा? मसुदा परत.

इथे बरीच मुलं गळतात. मसुद्यात शुद्धलेखन सुधारतात आणि तोच पुन्हा पाठवतात. याने तसं केलं नाही. त्याच्या क्लायंटांत अंबरनाथला कंट्रोल पॅनल बनवणारी एक भागीदारी फर्म होती. तिची ३१ मार्च २०२४ ची सप्लायरांच्या देण्यांची यादी त्याने फर्मची परवानगी घेऊन, सगळी नावं पुसून पुढ्यात घेतली.

एकूण देणं १ कोटी १२ लाख. त्यातले केबलचे, पत्र्याचे डीलर पहिल्यांदा बाजूला काढले, कारण व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. विलंबाने मिळालेल्या पैशांबाबतचं संरक्षण त्याला त्या नोंदणीने मिळत नाही. मग मध्यम आणि मोठे उद्योग वगळले, कारण क्लॉज सूक्ष्म आणि लघु यांच्यापुरतंच आहे. खाली उरले ४१ लाख. त्यातले २७ लाख मुदतीच्या आत होते. थकलेले १४.

म्हणजे ज्या भीतीने फर्मचे भागीदार हवालदिल झाले होते तिचा आकडा १ कोटी १२ लाखांवरून १४ लाखांवर आला. फर्मच्या ३१.२ टक्के दराने त्यावरचा कर सुमारे ४ लाख ३७ हजार, आणि तोही कायमचा जाणारा नव्हता. पैसे पुढच्या वर्षी दिले की वजावट पुढच्या वर्षी मिळणारच होती. खरा प्रश्न एका वर्षाच्या रोख रकमेचा होता.

त्या १४ लाखांचेही त्याने तीन ढीग केले. ५ लाखांच्या बिलांवर मालाच्या दर्जावरून वाद होता. ६ लाख रोखून ठेवलेले होते: कॅबिनेट बनवणाऱ्या छोट्या युनिटांच्या प्रत्येक बिलातले १० टक्के. अंतिम गिऱ्हाइकाकडे पॅनल बसून चाचणी झाली की ते सोडायचे, असं ऑर्डरमध्येच लिहिलेलं. आणि उरलेले ३ लाख निव्वळ उशीर.

दुसरा मसुदा या तीन ढिगांवर बेतलेला होता. तो बैठकीत आला तेव्हा मी पाहुणी म्हणून मागे बसले होते. समितीतल्या एक मॅडम बारीक बोलतात, पण नेमकं बोलतात. त्या म्हणाल्या, "वादाच्या बिलांसाठी सवलत कशाला मागतोस? एमएसएमईडी कायद्यातली स्वीकाराची व्याख्या वाच." माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल, तर सप्लायरने हरकत दूर केल्याच्या दिवसापासूनच मुदत मोजली जाते. सवलत कायद्यातच होती. फर्मने हरकती फोनवर घेतल्या होत्या, म्हणून ती हातातून गेली. हा सल्ला क्लायंटला द्यायचा, मंत्रालयाला नाही.

दुसरीकडून एका सरांनी विचारलं, "रिटर्नच्या तारखेपर्यंत मुभा मागितली तर माझ्या छोट्या युनिटवाल्याला पैसे कधी मिळणार? ऑक्टोबरात?" खोलीत दोन्ही बाजूंचे क्लायंट असलेली माणसं होती. त्यामुळे 'उद्योगाची मागणी' असं काही सरसकट लिहिणं शक्यच नव्हतं.

शेवटी उरला एक मुद्दा, रोखून ठेवलेले १० टक्के. करार करून चाचणीपर्यंत थांबलेली रक्कम ४५ दिवसांच्या कैचीत धरायची का? दोन्ही पक्षांनी लेखी मान्य केलेलं, पैसे देय होण्याची घटनाच अजून घडलेली नाही, आणि तरी कलम १५ मात्र ४५ च्या पुढे जाऊ देत नाही. भाई म्हणाले, यासाठी कायद्यात दुरुस्ती मागू नका, सीबीडीटीच्या परिपत्रकाने खुलासा मागा. मंत्रालयाला ते सोपं पडतं. तिसरा मसुदा अर्ध्या पानाचा झाला: कलम, अडचण, आकड्यांचं एक उदाहरण, सुचवलेल्या खुलाशाचे शब्द. बस.

२३ जुलैच्या अर्थसंकल्पात क्लॉज होतं तसंच राहिलं. निवेदनांचं बहुधा असंच होतं आणि समितीतल्या कोणाला त्याचं फारसं वाटतही नाही.

पण त्या काही आठवड्यांत भाईंनी या मुलाचं लिखाण तीनदा वाचलं होतं. कच्चं असताना वाचलं, दुरुस्त होताना वाचलं. मुलाखतीत एवढं कोण पाहतो? दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. बदलापूरच्या एका कारखान्याचं स्टॉक ऑडिट होतं, त्यांच्या ऑफिसातून तिकडे जायला माणूस नव्हता.

*

इतिवृत्त लिहिणं हे समितीतलं सगळ्यात नावडतं काम. म्हणूनच ते मागितलं की लगेच मिळतं.

चांगलं इतिवृत्त म्हणजे कोण काय बोललं याची जंत्री नव्हे. ठरलं काय, करणार कोण, कधीपर्यंत, हे तीन रकाने. बैठक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांकडे जायला हवं. त्यात ज्येष्ठांच्या नावापुढेही काम आणि तारीख लिहायची, आणि तारखेच्या दोन दिवस आधी नम्र आठवण करायची. "सर, शुक्रवारी आपल्याकडून कलम ५६ चं टिपण येणार होतं." एरवी ज्यांच्या सेक्रेटरीपर्यंतही पोचता येत नाही त्यांना फोन करायचा हा अधिकृत परवाना आहे. मात्र त्या फोनवर फक्त कलम ५६ चंच बोलायचं.

*

निवासी अभ्यासवर्ग. तीनचार दिवस, गावाबाहेर हॉटेलात. प्रबंध आधी हातात येतात, त्यांत प्रश्नांच्या स्वरूपात प्रकरणं असतात. गटागटांत त्यावर चर्चा होते आणि मग मोठ्या सभेत प्रबंधलेखक उत्तरं देतो. गटाचा म्होरक्या कोणीतरी तरुण असतो.

म्होरक्याचं काम विद्वत्ता दाखवणं नाही. गटात पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेले बसलेले असतात, ते ऐकून घेणार नाहीत. त्याने प्रत्येक प्रकरणावर दोन उलट बाजूचे निवाडे काढून ठेवायचे आणि चर्चा एका बाजूला कलली की दुसरा निवाडा टेबलावर टाकायचा. खुर्चीत रेललेले ज्येष्ठ मग पुढे सरकून बसतात. दुपारी चहाला तेच विचारत येतात, "तो दुसरा निवाडा कुठल्या ट्रिब्युनलचा म्हणालास?"

गटातली न सुटलेली कोडी लेखकाकडे पोचवायची असतात. त्यासाठी प्रबंधलेखकाबरोबर आदल्या रात्री बसावं लागतं. बहुतेकांना वाटतं, संबंध जोडायचे ते रात्रीच्या गाण्याबजावण्यात. माझा अनुभव निराळा आहे.

*

कुठे बिघडतं तेही लिहून ठेवते.

काही ज्येष्ठ समितीला फुकटचं संशोधन खातं समजतात. "जरा या मुद्द्यावर निवाडे काढून दे" असा फोन येतो आणि मागाहून लक्षात येतं की मुद्दा निवेदनाचा नव्हताच, त्यांच्या क्लायंटच्या अपिलाचा होता. ओळखायचं कसं? समितीचं काम असेल तर ते इतिवृत्तात असतं. नसेल तर हसून विचारावं, "सर, हे समितीसाठी की ऑफिससाठी?" ऑफिससाठी असेल तर त्याचं मानधन ठरवून घेता येतं. फी वाटून घ्यायला सीएला सीएबरोबर मुभा आहे, बाहेरच्याबरोबर नाही. शरमायचं कारण नाही. विचारल्याने नाराज झालेले मी फार थोडे पाहिलेत.

उलट दिशेनेही बिघडतं. दुसऱ्याच बैठकीत आपलं व्हिजिटिंग कार्ड फिरवणारा, किंवा आपल्या क्लायंटचं प्रकरण नावानिशी चर्चेत आणणारा. दुसरं तर थेट गोपनीयतेचा भंग आहे. अशा माणसापुढे ज्येष्ठ सावध होतात: याला काम दिलं तर आपल्याही क्लायंटचं नाव उद्या कुठल्यातरी बैठकीत निघेल.

आणि निवडणुकीचं वर्ष. इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलची निवडणूक जवळ आली की समित्यांत अचानक गर्दी वाढते, फोटो वाढतात. त्या काळात नवीन येणाऱ्याकडे सगळे 'हा कोणाचा?' या नजरेने बघतात. वर्षभर थांबून यावं, नाहीतर शांतपणे मसुद्याला चिकटून राहावं.

*

सांगली, सोलापूर, नगर अशा ठिकाणी वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे शाखेत दिसणारा ज्येष्ठ हाच तुमच्या गल्लीतला स्पर्धक असतो. त्याच्या क्लायंटचं ऑडिट तुमच्याकडे आलं तर आठव्या कलमाप्रमाणे त्यालाच पत्र लिहून कळवावं लागतं, आणि त्याच रविवारी त्याच्या शेजारी बसून स्टडी सर्कल चालवायचं असतं. मुंबईत भाई वरचं काम वाटून देतात कारण त्यांना ते नकोच असतं. सांगलीत वाटून देण्याएवढं काम बहुतेकांकडे नसतं.

तिथल्या एका मैत्रिणीने वेगळी वाट धरली. शाखेच्या समितीत न जाता ती मुंबईतल्या एका संस्थेच्या नियतकालिकासाठी निवाड्यांचे सारांश लिहू लागली. संपादक मंडळाच्या बैठका आता पडद्यावर होतात, त्यामुळे रेल्वेचा प्रश्न उरला नाही. सारांश म्हणजे वस्तुस्थिती, मुद्दा, निकाल आणि कारण, साधारण दोनशे शब्द. पहिल्या काही सारांशांतून संपादकांनी निम्मे शब्द कापले. आता कापत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्या संपादकांना कोल्हापूरच्या एका साखर कारखान्याच्या प्रकरणात स्थानिक माणूस हवा होता.

*

दोन गोष्टी समितीत जाण्यापूर्वी घरच्यांशी बोलून घ्याव्यात. शनिवार जातात. आणि टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर ही तारीख सगळ्यांनाच असली तरी बैठक त्याच आठवड्यात ठेवणारा एखादा उत्साही संयोजक निघतोच. अशा वेळी न कळवता गैरहजर राहण्यापेक्षा जुलैतच सांगून टाकावं की सप्टेंबरात मी नाही. त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. ज्याने वाटून घेतलेलं कलम ऐन वेळी अर्धवट सोडलं, त्याचं नाव मात्र पुढच्या वर्षीच्या यादीत नसतं, आणि का नाही हे त्याला कोणी सांगत नाही.